न मांडलेली ओळ

अंगठा जिभेला लावल्याशिवाय काकांना पान उलटता येत नसे. बाबांच्या खुर्चीत बसून त्यांनी जूनची सगळी बिलं अशीच उलटली होती, आणि प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यावर एक ओलसर, करडा ठसा उमटला होता. ती समोरच्या स्टुलावर बसून ते ठसे वाळताना बघत होती. बाबांना जाऊन महिना झाला होता. खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग अजून होता. काकांचं डोकं नेमकं त्याच्यावर टेकलेलं होतं.

दुकान फ्रिज, वॉशिंग मशिन आणि लोखंडी कपाटांचं. माल हप्त्याने द्यायचा. गिऱ्हाइकाने आज फ्रिज न्यायचा आणि पुढच्या महिन्यापासून पैसे फेडायचे. तीस वर्षं बाबांनी हाच धंदा केला. लहान भावाला दुकानात घेतलं त्याला अठरा वर्षं झाली. कागदावर काकांचं नाव कुठेच नव्हतं. पण बाबा गेले त्या संध्याकाळपासून किल्ल्या काकांच्या खिशात होत्या.

"हे बघ बाळ," काकांनी एक कागद तिच्याकडे सरकवला. "बँकेने तीन महिन्यांचं रोख अंदाजपत्रक मागितलंय. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. फाईलवाल्याने करून दिलंय. तू फक्त एकदा नजर घाल आणि वहिनीला समजावून सांग. तू कंपनीत हेच करतेस. तुझं ती ऐकते."

"मी सांगितलं की काय होईल?"

"सही होईल! आठ लाखांचं कर्ज. तारण म्हणून घराचा कागद. एक तारखेला बँकेत जायचं, सही ठोकायची, संपलं."

फाईलवाला बाजूच्याच कपाटाला टेकून उभा होता. कुणाचंही कर्ज असो, बँकेची फाईल तयार करून द्यायची आणि मंजूर झालं की टक्का घ्यायचा, हा त्याचा उद्योग. तो दात कोरत होता. कोरून झालं की काडी डोळ्यांसमोर धरून निरखायचा, समाधान झालं की परत तोंडात घालायचा. काकांच्या पुढ्यातल्या चहाच्या कपात सिगरेटचं थोटूक विरघळलं होतं.

"एकदम फर्स्टक्लास अंदाजपत्रक आहे, ताई," तो म्हणाला. "सप्टेंबरअखेर पाच लाख दहा हजार शिल्लक. बँक खुश, काका खुश, तुमच्या मातोश्री खुश."

तिने कागद वाचला. विक्री: जुलैत सहा लाख, पुढचे दोन महिने आठ-आठ. बाबांच्या काळात चार लाखांचा महिना चांगला मानला जायचा.

"एवढी विक्री कुठून आली?"

"योजना!" काका पुढे झुकले. "घर बघायचं नाही, जामीन मागायचा नाही, ओळख विचारायची नाही. या आणि घेऊन जा. चाळीस हजारांचे फलक लावतोय चौकाचौकात. तुझा बाप गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याचं स्वयंपाकघर बघून यायचा, मग फ्रिज द्यायचा. असा धंदा होतो का? माणूस देवमाणूस होता, मी नाही म्हणत नाही. पण धंद्यात भोळा."

'तुझा बाप' हे शब्द तिने ऐकले आणि गिळले. विचारायचं ते वेगळंच होतं.

"सप्टेंबरला पाच लाख शिल्लक राहणार असतील तर कर्ज कशाला?"

फाईलवाल्याची काडी थांबली. मग तो हसला. "ताई, बँक नडलेल्याला पैसे देत नाही. ज्याच्याकडे आहेत त्याला देते. शिल्लक दाखवायलाच लागते."

"दाखवायला."

"म्हणजे... असतेच. असते आणि दाखवतो."

काका खो-खो हसले. हसताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जमलेला पांढरा फेस ताणला गेला. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि घरी जाऊन आधी हात साबणाने धुतले.

*

दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला. आई आत पडून होती. झोप लागत नव्हती, पण बाहेर येऊन बसली की लोक भेटायला येत आणि तेच तेच विचारत, म्हणून ती पडून राहायची.

अंदाजपत्रक तिला नवं नव्हतं. कंपनीत ती दर तिमाहीला ते करत असे, आणि दर वेळी कुणीतरी साहेब तीच चूक करायचा: विकलं म्हणजे पैसे आले. रोख अंदाजपत्रकाला विक्रीशी काही देणंघेणं नसतं. ते एकच विचारतं, पैसे पेटीत कोणत्या महिन्यात पडणार आणि कोणत्या महिन्यात बाहेर जाणार. फ्रिज जुलैत गेला तरी जुलैत त्याचा छदाम येत नाही.

किती येतो आणि कधी, हे तिला बाबांनीच सांगितलं होतं. ती कॉलेजात असताना, शर्टाच्या बाह्या दुमडत, जेवायला बसता बसता: "निम्मे पुढच्या महिन्यात. तीस टक्के त्याच्या पुढच्या. पंधरा तिसऱ्या." आणि उरलेले पाच? "ते बुडीत. बुडणार हे धरूनच भाव लावायचा, मग माणसावर राग धरावा लागत नाही." तिने गेल्या वर्षीची बिलं ताडून बघितली. पन्नास, तीस, पंधरा. फार तर एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक. धंद्यात भोळा!

एप्रिलची विक्री चार लाख, मेची चार, जूनची फक्त दोन, कारण निम्मा जून शटर बंद होतं. म्हणजे जुलैत येणार जूनचे निम्मे, एक लाख. मेचे तीस टक्के, एक लाख वीस हजार. एप्रिलचे पंधरा टक्के, साठ हजार. झाले दोन लाख ऐंशी हजार. फाईलवाल्याच्या कागदावर जुलैची जमा होती सात लाख साठ हजार.

तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. चार लाख ऐंशी हजारांचा फरक. ती खिडकीशी जाऊन आली. परत बसली, आणि मग तिला ते दिसलं.

जूनअखेर गिऱ्हाइकांकडून एकंदर येणं किती? एप्रिलच्या विक्रीतले ऐंशी हजार, मेच्या विक्रीतले दोन लाख, जूनचे सगळे दोन लाख. चार लाख ऐंशी हजार. फाईलवाल्याने 'जुनी येणी वसूल' अशी एक ओळ टाकून ही सगळी रक्कम जुलैत जमा धरली होती. आणि त्याच्या खालच्या ओळीत 'हप्त्यांची वसुली' म्हणून त्याच गिऱ्हाइकांचे तेच पैसे महिन्यामहिन्याने पुन्हा घेतले होते. एकच फ्रिज दोनदा विकावा तसं. शिवाय बुडणारे पाच टक्केही वरच्या ओळीत वसूल झालेले. मेलेल्या माणसाच्या गिऱ्हाइकांनी एवढी धावाधाव करून पैसे आणून दिले असते तर काय हवं होतं!

ती एक ओळ काढली तर सप्टेंबरचे पाच लाख दहा हजार होतात तीस हजार. आणि तेसुद्धा खर्चाची बाजू खरी धरली तर.

खर्चाची बाजू तिने बोटाने तपासली. मालाची खरेदी विक्रीच्या सत्तर टक्के, घाऊक व्यापाऱ्याला एका महिन्याने द्यायची, बरोबर होती. भाडं, पगार, वीज, टेम्पो मिळून पन्नास हजार, बरोबर. फलक चाळीस हजार. आणि खाली बेरीज.

घरखर्च कुठे होता? महिन्याला पंधरा हजार बाबा आईच्या हातात ठेवत. ते कुठे होते? आणि काका काय हवा खात होते?

*

"माझं कशाला त्यात?" दुसऱ्या दिवशी काका म्हणाले. "ते घरचं आहे."

"घरचं असलं तरी पेटीतून जातं ना? महिन्याला किती उचलता?"

"उचलता म्हणजे? चोर आहे का मी? पगार म्हण."

"बरं, पगार. किती?"

काकांनी दुकानाच्या दाराकडे बघितलं. दारात गिऱ्हाईक नव्हतं. "असेल वीस-पंचवीस."

"अंदाजपत्रकात 'असेल' चालत नाही, काका."

"अगं, कधी पन्नास. कधी साठ. मुलांचे क्लास आहेत, गाडीचा हप्ता आहे, तुझ्या काकूची पाठ आहे. महागाई बघतेस ना?"

"साठ धरते."

"धर. सत्तर धर! तुझी लेखणी, तुझा कागद." ते हसले. मग एकदम आवाज उतरवून, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, तू शिकलेली आहेस. कागदाचं एवढं मनावर घेऊ नये. कागद हा बँकेसाठी असतो. तुझ्या बाबांनी मला कधी विचारलं नाही. अठरा वर्षांत एकदासुद्धा नाही."

हात जड आणि दमट होता. तिने गुडघा बाजूला घेतला. सलवारीवर घामाचा पंजा उमटला होता. तिने तिकडे बघायचं टाळलं.

साठ हजार. आईचे पंधरा हजार. चार वर्षं आई डाव्या बाजूने चावत होती, कारण उजव्या बाजूच्या दाढा बसवायच्या 'पुढच्या वर्षी' होत्या. बाबांचा गुडघाही पुढच्या वर्षी होता. "धंदा सध्या जरा मंद आहे," बाबा म्हणायचे, आणि ती दुसऱ्या शहरातून फोनवर म्हणायची, "मी पाठवू का?" "छे गं, भागतंय." भागत होतं खरं. कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

"आणि ती जुन्या येण्यांची ओळ?" तिने विचारलं. "तेच पैसे दोनदा धरलेत."

"ते फाईलवाल्याला माहीत."

फाईलवाल्याला फोन लावला तेव्हा तो कुठेतरी जेवत होता. घास न थांबवता बोलला. "ताई, ती ओळ मी मुद्दाम टाकत नाही, आमच्या छापील नमुन्यातच असते. सगळ्यांच्या फाईलला असते. आजवर एकाही साहेबाने बोट ठेवलेलं नाही." पचपच आवाज आला. "तुम्ही पहिल्याच."

*

त्या संध्याकाळी तिने तीन वेळा मांडणी केली.

पहिल्यांदा काकांची योजना जशीच्या तशी धरली, फक्त खऱ्या ओळींनी, काकांचे साठ आणि आईचे पंधरा हजार घालून. जूनअखेर पेटीत आणि खात्यात मिळून तीस हजार. जुलैअखेर उरतात पाच हजार. ऑगस्टला सहा लाखांच्या मालाचे चार लाख वीस हजार घाऊक व्यापाऱ्याला द्यायचे, पण गिऱ्हाइकांकडून त्याचे निम्मेच आलेले; एक लाख वीस हजारांचा खड्डा. सप्टेंबरला खड्डा एक लाख पंच्याण्णव हजार. विक्री दुप्पट झाली की खड्डा बुजत नव्हता, आणखी खोल होत होता. माल आधी, पैसे मागून. ऑक्टोबरपासून तो थोडा थोडा भरला असता, पण सगळ्यांनी वेळेवर दिले तरच; आणि घर न बघता, जामीन न घेता दिलेल्या फ्रिजचे पैसे वेळेवर कसे येणार होते?

दुसऱ्यांदा तिने बाबांचीच विक्री धरली, महिना चार लाख, फलक नाहीत. काकांचे साठ हजार तसेच. जुलैअखेर पंचेचाळीस हजार, ऑगस्टला उणे चाळीस, सप्टेंबरला उणे पंच्याण्णव.

तिसऱ्यांदा तिने एकच आकडा बदलला. काकांचे साठ हजार खोडून पंधरा केले, आईला मिळत तेवढेच. जुलै नव्वद हजार. ऑगस्ट पन्नास हजार. सप्टेंबर चाळीस हजार. तिन्ही महिने पेटी कोरडी पडत नव्हती. कर्जाची गरजच नव्हती. अंथरूण लहान होतं, पण पाय मावत होते.

ती बराच वेळ त्या खोडलेल्या आकड्याकडे बघत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. राग स्वच्छ असतो. हे वेगळं होतं. सिंकमध्ये तुंबलेल्या पाण्यात हात घालताना येतं तसं. आणि त्या पाण्यात फक्त काका नव्हते.

"काय करतेस?" आई दारात उभी होती.

तिने आईला शेजारी बसवलं आणि सगळं दाखवलं. आई शाळेत गणिताची बाई होती, पुढे संसारात सोडून दिलं. तिला एकदाच सांगावं लागलं. पन्नास-तीस-पंधरा तिने मान हलवून ओळखीचं म्हणून स्वीकारलं. दोनदा धरलेल्या ओळीवर ती किंचित हसली, पोराची कॉपी पकडल्यासारखी. साठ हजारांवर मात्र तिचं बोट थांबलं.

"हे दर महिन्याला?"

"हो."

"बरीच वर्षं?"

"विचारलं नाही. पण आत्ताचं वाटत नाही."

आईने पहिल्या मांडणीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, "भावोजींची योजना खरी धरली तरी सगळ्यात खोल खड्डा किती म्हणालीस?"

"एक पंच्याण्णव. दोन लाखच धर."

"आणि कर्ज आठ लाखांचं."

"हो."

"मग बाकीचे सहा?"

हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. दिवसभर ती काकांची ओळ शोधत होती, आणि सर्वांत मोठी ओळ कागदावर कुठेच नव्हती. अंदाजपत्रक नेमकं याच्यासाठी करायचं असतं. किती कमी पडतंय आणि कधी, तेवढंच उसनं घ्यायचं. दोन लाखांच्या खड्ड्यावर आठ लाखांचं झाकण कुणी घालत नाही.

"आई, सही करू नकोस."

"उद्या बँकेत जाऊ," आई म्हणाली. "भावोजींनी वेळ घेतलीय. न जाणं बरं दिसत नाही."

"आई!"

"जाऊ म्हटलं. सही करते म्हटलं नाही."

*

बँकेच्या कर्जविभागातल्या बाई बिस्किटं खात फाईल चाळत होत्या. टेबलावर चुरा पडला होता. त्या तळहाताने तो फाईलीवरून खाली लोटत होत्या, आणि फाईलीत वरच घराचा उतारा होता. बाबांचं नाव, शेजारी आईचं.

काकांनी केसांना रंग लावला होता. कपाळाच्या कडेला रंगाची काळी रेघ राहिली होती. अत्तराचा घमघमाट एवढा होता की बाईसुद्धा एकदा शिंकल्या. "वहिनी, इथे, इथे आणि शेवटच्या पानावर," त्यांनी आईच्या हातात पेन दिलं, आणि दिल्यावरही तिच्या बोटांवरचा हात काढला नाही, लहान मुलाला गिरवायला शिकवावं तसा धरून ठेवला.

आईने हात सोडवून घेतला. "बाई, एक विचारू?" ती बँकेच्या बाईंना म्हणाली. "हे तीन महिन्यांचं अंदाजपत्रक तुम्ही वाचलंत का?"

"फाईलला आहे ना? मग झालं."

"वाचलंत का?"

बाईंनी बिस्किट खाली ठेवलं. "आजी, घर तारण आहे. घराची किंमत पंचवीस लाख आहे. आम्हाला काही अडचण नाही."

"त्यात एकच येणं दोनदा धरलंय," आईच्या शेजारून ती म्हणाली. "चार लाख ऐंशी हजार."

बाईंनी कागद उचलला, वरून खाली बघितला आणि पुन्हा फाईलीत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बदलून देता का मग? आज नाही झालं तर उद्या द्या. घराचा कागद आहे तोवर आम्हाला घाई नाही."

फाईलवाला खोटं बोलला नव्हता, एवढंच तिला कळलं. हा कागद कुणासाठीच नव्हता. वाचायचा नव्हता, लावायचा होता. घर मात्र खरं होतं.

आई काकांकडे वळली. "भावोजी, खड्डा दोन लाखांचा. कर्ज आठ. बाकीचे सहा कुणाचे?"

"वहिनी, इथे बोलायच्या गोष्टी आहेत का या?"

"सही इथेच करायचीय ना?"

काकांनी बाईंकडे, मग छताकडे बघितलं. "अठरा वर्षं दिली मी त्या दुकानाला. अठरा! माझा काही हिस्सा नको? दादा असता तर स्वतःहून दिला असता. आता दुकानाचं काय सांगावं, आज आहे उद्या नाही. माझी पोरं आहेत, त्यांच्यासाठी एक फ्लॅट बघितलाय. पैसे काय मी खाणार आहे?"

"म्हणजे तुमचा फ्लॅट, माझं घर तारण."

"आपलं-तुपलं कधीपासून करायला लागलात तुम्ही?"

"आजपासून," आई म्हणाली. "तुमचं राहतं घर तारण ठेवा ना. तेही आपलंच की."

काकांच्या तोंडावर जे आलं ते लाजेचं नव्हतं. ताटातला घास कुणी उचलून नेल्यावर येतं तसलं काहीतरी होतं. बाईंनी मधूनच घड्याळाकडे बघून विचारलं, "मग आज करायचं का नाही? जेवणाची सुट्टी होईल आता."

आईने पेनाला टोपण घातलं, बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि घराचा कागद फाईलीतून ओढून घेतला. त्यावरचा बिस्किटाचा चुरा तिने फुंकून उडवला.

*

आल्या होत्या त्या काकांच्याच गाडीतून, म्हणून परतही त्याच गाडीत बसावं लागलं. खिडक्या बंद, अत्तर आणि आत कुठेतरी बरेच दिवस विसरलेल्या डब्याचा वास. ती मागे बसली होती. समोरच्या आरशात काकांचे डोळे दिसत होते.

"ठीक आहे," काका दोन चौक गेल्यावर म्हणाले. "कर्ज नाही तर नाही. पण या महिन्याचे माझे साठ आजच लागतील. गाडीचा हप्ता आहे."

"पंधरा," आई म्हणाली.

"काय?"

"पंधरा हजार. मला मिळतात तेवढे. दुकानाला तेवढंच परवडतं. हिने मांडून दाखवलंय."

काकांनी गाडी कडेला घेतली. करकचून नाही, सावकाश, दिवा लावून. "उतरा," ते समोर बघत म्हणाले. "उतरा दोघी. मांडून दाखवलंय! माझ्या भावाने तोंडातून ब्र काढला नाही कधी, आणि ही टीचभर पोरगी मला मांडून दाखवते. आयत्या बिळावर नागोबा तुम्ही! तीस वर्षं दुकानाची पायरी चढला नाहीत."

त्या उतरल्या. गाडी निघून गेली. वास थोडा वेळ अंगाभोवती राहिला. ऊन तापलेलं होतं. रस्त्याच्या कडेने उघडं गटार होतं. पदर नाकाला लावून आई पुढे चालायला लागली.

दोघी बरंच अंतर चालल्या. मग आईने विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

ती खोटं बोलू शकली असती. भोळे होते म्हणता आलं असतं. पण पन्नास, तीस, पंधरा सांगणारा, किती बुडणार हे धरून भाव लावणारा माणूस भोळा नव्हता.

"हो," ती म्हणाली. "त्यांना पै न् पै माहीत असायची."

"मग मला सांगायचं होतं."

"हो."

"मी दात बसवले असते की नाही, ते सोड. मला सांगायचं होतं." आईचा आवाज चढला नव्हता. "माणसावर राग धरावा लागू नये म्हणून बुडीत धरायचं, हे ते गिऱ्हाइकांपुरतं म्हणतात असं मला वाटायचं."

तिला वाटलं, आपण बाबांच्या बाजूने काहीतरी बोलावं. महिनाभर ती सगळ्यांशी बाबांच्या बाजूनेच बोलत होती. पण तोच तुंबलेल्या पाण्याचा वास पुन्हा आला होता, आणि या वेळी तो ज्याचा होता त्याला विचारायची सोय नव्हती. तिने आईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. एवढंच करता आलं.

दुकानाच्या गल्लीशी आल्यावर आई थांबली. शटर खाली होतं. कडीला मोठं कुलूप.

"किल्ली कुठेय?"

"काकांकडे."

आईने कुलपाकडे बघितलं. मग पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे. "कुलूप तोडून नवं घालायला किती घेतील?"

"आठशे. फार तर हजार."

"हजार धर," आई म्हणाली. "जुलैत मांड. आणि जा, हार्डवेअरवाल्याला बोलावून आण. हप्ते द्यायला लोक येतील तेव्हा दुकान उघडं पाहिजे."